उलटी बसलेली मानस: छातीत कोंडलेली हवा रक्ताभिसरण कसं थांबवते आणि ती कशी सोडायची

खाजन शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना मानस समजावून सांगायला नको. बांधात बसवलेलं लाकडी दार, वर बिजागरी. ओहोटीला शेतातलं पाणी दार ढकलून खाडीत जातं. भरतीला खाडीचं पाणी चढलं की तेच पाणी दार दाबून बंद करतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. दाराशी माणूस उभा असावा लागत नाही. पाण्याचा जोरच दार उघडतो आणि पाण्याचा जोरच ते लावतो.

आता कोणी हे दार उलटं बसवलं अशी कल्पना करा. प्रत्येक भरतीला पाणी आत येईल, ओहोटीला दार बंद होईल. दर खेपेला शेतात थोडं जास्त पाणी. टेन्शन न्यूमोथोरॅक्स म्हणजे छातीत उलटी बसलेली मानस. इथे भरती-ओहोटी मिनिटाला वीस-तीस वेळा होते.

हा लेख आरोग्य केंद्रांत, कॅज्युअल्टीत आणि १०८ वर काम करणाऱ्यांसाठी आहे. सुई घालण्याचं काम ज्यांना शिकवलं आहे त्यांनीच करायचं आहे. पण आत काय चाललंय ते इतरांनीही वाचावं, कारण असा माणूस पहिल्यांदा सापडतो तो घरच्यांना.

माडावरून पडलेला माणूस

काही वर्षांपूर्वी पेडण्याच्या बाजूला एका छोट्या केंद्रात मी ड्युटीवर होतो. जुलैची सकाळ. चौतिशीतला एक पाडेली शेवाळलेल्या माडावरून घसरला आणि उजव्या कुशीवर चिऱ्याच्या गडग्यावर आदळला. भावाने त्याला शेजाऱ्याच्या रिक्षात घालून आणलं. शुद्धीवर होता, बोलत होता. नाडी ११८, रक्तदाब १३० वर ८०, श्वास मिनिटाला २८, ऑक्सिजन ९३ टक्के. उजव्या बरगड्या मोडल्याचं हाताला कळत होतं. पाचवी, सहावी, बहुधा सातवीसुद्धा.

मी ऑक्सिजन लावला, सलाईनची लाईन घेतली, दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि एक्स-रे लिहिला. एक्स-रेची खोली व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथून दहा मिनिटांत सिस्टर परत आल्या. "डॉक्टर, तो आडवाच व्हायला तयार नाही. बसू द्या म्हणतोय."

मी जाऊन पाहिलं तेव्हा नाडी १३६ होती, श्वास ३८, ऑक्सिजन ८६, रक्तदाब ११० वर ८४. तोवर तो पूर्ण वाक्यं बोलत होता, आता एकेक शब्द. एक्स-रे लिहिणं ही माझी चूक होती असं मी आजही म्हणत नाही. पहिल्या तपासणीत त्याला घाई करण्याजोगं काही नव्हतं. चूक ही की बरगड्या मोडलेल्या माणसाला मी नजरेआड पाठवलं, सोबत कोणी मोजणारं न देता.

हवा आत कशी येते आणि बाहेर का जात नाही

फुफ्फुस आणि छातीची आतली भिंत यांच्यामध्ये ओलसर, अगदी अरुंद जागा असते. फुफ्फुसाला स्वभावतः आकसायचं असतं आणि छातीला फुगायचं असतं. या ओढाताणीमुळे तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी असतो, शांत श्वासात साधारण ५ सेंटिमीटर पाण्याइतका. या ओढीवरच फुफ्फुस छातीला चिकटून फुगलेलं राहतं.

मोडलेल्या बरगडीच्या टोकाने फुफ्फुस फाटलं की त्या फटीतून हवा या जागेत येते आणि फुफ्फुस सुटून आकसतं. हा साधा न्यूमोथोरॅक्स. बऱ्याचदा फट मिटते आणि गोष्ट तिथेच थांबते. पण कधी फाटलेल्या कडेचा एक पदर झडपेसारखा लोंबत राहतो. श्वास घेताना छातीतला दाब उतरतो, पदर उघडतो, हवा आत. श्वास सोडताना दाब चढतो, पदर फटीवर दाबला जातो, वाट बंद. खोकला आणखी वाईट. स्वरयंत्र मिटून माणूस जोर करतो तेव्हा फुफ्फुसातली हवा त्या फटीतून ढकलली जाते.

इथे एक बारकावा आहे जो पुस्तकात घाईने ओलांडला जातो. स्वतः श्वास घेणाऱ्या माणसात हवा आत खेचली जाण्यासाठी त्या जागेतला दाब श्वास घेताना तरी वायुमार्गापेक्षा कमी व्हावाच लागतो. म्हणून दाब सतत चढलेला राहत नाही. तो उच्छ्वासात चढतो आणि श्वासात खाली येतो. माणूस जितक्या जोराने श्वास ओढतो तितकी हवा साठत जाते, पण त्याच ओढीने मोठ्या शिरांतलं रक्तही थोडं हृदयाकडे येत राहतं. त्यामुळे तो काही मिनिटं, कधी त्याहून बराच वेळ, तग धरतो. व्हेंटिलेटरवरच्या किंवा अंबू बॅगेवरच्या रुग्णाला ही सवलत नसते. तिथे प्रत्येक श्वास बाहेरून दाबून दिलेला असतो, झडपेतून हवा ठोसून जाते, आणि दाब कुठल्याच क्षणी उतरत नाही. तो रुग्ण दोन-चार मिनिटांत कोसळतो.

म्हणून दोघांची चिन्हंही वेगळ्या क्रमाने येतात. स्वतः श्वास घेणाऱ्याचा आधी श्वास बिघडतो, ऑक्सिजन उतरतो, नाडी चढते. रक्तदाब शेवटी पडतो. व्हेंटिलेटरवरच्याचा रक्तदाब आधीच पडतो आणि मशीन दाबाचा अलार्म देऊ लागतं. रक्तदाब पडायची वाट पाहत बसलो तर पहिल्या प्रकारचा रुग्ण आपण हातचा घालवतो.

मधला भाग सरकतो म्हणजे काय

हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासनलिका आणि अन्ननलिका हे सगळं दोन फुफ्फुसांच्या मधल्या पडद्यात लटकलेलं असतं. एका बाजूचा दाब वाढला की हा सगळा गठ्ठा दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. चांगलं फुफ्फुसही दबतं. पाडेल्याच्या उजव्या बाजूला हवा होती, तेव्हा हृदय डावीकडे गेलं. हृदयाचा ठोका एरवी डाव्या स्तनाग्राच्या जरा आत लागतो. त्याचा मला जवळजवळ काखेच्या रेषेत लागला.

श्वासनलिका मात्र मानेत सरळ होती. गळ्याच्या खळीत बोट ठेवून ती सरकलीय का बघा, असं आम्हाला शिकवलं जायचं, आणि त्या एका चिन्हावर कितीतरी जण अडून बसतात. नळीचं वरचं टोक स्वरयंत्राशी घट्ट बांधलेलं असतं. ती वाकते ती छातीच्या आत, फिल्मवर दिसते तिथे. मानेत वाकलेली सापडली तर निदानाला बळ मिळतं. नाही सापडली तर त्यावरून काहीच ठरत नाही.

रक्ताभिसरण का थांबतं

मधला भाग सरकल्याने महाशिरा पिळल्या जातात आणि रक्त अडतं, असं सोपं उत्तर दिलं जातं. पिळ बसतो हे खरं, पण खरा मारेकरी दाब आहे. त्याचा हिशेब लहानसा आहे.

सगळ्या शरीरातलं रक्त हृदयाकडे परत येतं ते फार थोड्या जोरावर. हृदय क्षणभर थांबवलं आणि सगळीकडचा दाब सारखा होऊ दिला, तर रक्तवाहिन्यांत उरतो साधारण ७ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब. उजव्या कर्णिकेतला दाब जवळजवळ शून्य. म्हणजे मिनिटाला पाच लिटर रक्त परत आणणारा उतार फक्त सातचा. धमनीतले १२० पाहण्याची सवय असलेल्यांना हा आकडा खोटा वाटतो.

७ मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे साडेनऊ सेंटिमीटर पाणी. छातीतल्या कोंडलेल्या हवेने कर्णिकेभोवतीचा दाब तितका चढवला की उतारच संपला. पाणी सपाटीवर थांबतं तसं रक्त पोटात, पायांत, मानेत थबकतं. हृदय जोरात धडधडत असतं, पण त्यात भरायला काही येत नाही. मानेच्या शिरा फुगतात त्या यामुळेच. रक्त दाराशी येऊन उभं आहे.

शरीर लगेच मरत नाही कारण ते शिरा आवळून तो सातचा आकडा वर नेतं. त्यासाठीच नाडी चढते, हातपाय गार पडतात, घाम सुटतो. याच कारणाने सलाईनची बाटली जोरात सोडली तर रक्तदाब थोडा उचलतो, आणि आपण फसतो. बाटलीने उतार थोडा वाढवला, मानस अजून उलटीच आहे.

ज्याचं रक्तही गेलंय, त्याच्याकडे आवळायला शिल्लक कमी. तो लवकर कोसळतो आणि त्याच्या मानेच्या शिरा फुगतच नाहीत. अपघातातल्या रुग्णात शिरा सपाट दिसल्या म्हणून हे निदान सोडून देऊ नका.

यात ऑक्सिजनचाही वाटा आहे. मिटलेल्या फुफ्फुसातून रक्त वाहतं पण हवा मिळत नाही, ते तसंच निळं परत हृदयात येतं. भुकेलेलं हृदय मग कमी भरतीवर आणखी लवकर थकतं. त्या पाडेल्याचा रक्तदाब ११० वर ८४ होता. वरचा आकडा बरा दिसतो, पण दोन्हींतलं अंतर २६ उरलं होतं, आधी ते ५० होतं. प्रत्येक ठोक्याला हृदय निम्मं रक्त फेकतंय याचा तो हिशेब.

तपासणी: दीड मिनिटात

सदरा कापा. पायांकडून छातीकडे बघा. आजारी बाजू फुगलेली दिसते आणि श्वासाबरोबर हलत नाही. दोन्ही हात दोन्ही कुशींवर ठेवा, अंगठे मध्ये, आणि कुठला अंगठा सरकत नाही ते पाहा. त्वचेखाली कुरमुरे दाबल्यासारखं लागलं तर हवा मांसात शिरली आहे.

मग ठोकून पाहा, हा भाग घाईत सगळ्यात जास्त सुटतो. डावं मधलं बोट बरगड्यांच्या मध्ये सपाट, उजव्या बोटाने टिचकी. हवा भरलेली बाजू रिकाम्या घागरीसारखी वाजते. रक्त भरलेली बाजू बद्द वाजते. आवाज नसलेल्या छातीत हवा आहे की रक्त, हे या एका टिचकीने कळतं, आणि हवा असेल तर सुई, रक्त असेल तर थेट छातीत नळी. स्टेथोस्कोप पुढे नको, काखेत लावा. चांगल्या फुफ्फुसाचा आवाज पुढच्या बाजूला पलीकडून ऐकू येतो आणि गोंधळ होतो.

श्वासनलिकेत ट्यूब घातलेल्या रुग्णात डावी बाजू मुकी असेल तर आधी ती ट्यूब उजव्या शाखेत खोल गेली आहे का पाहा, आणि दातांजवळचा आकडा वाचून ती मागे घ्या. तिथे डावी बाजू घागरीसारखी वाजत नाही.

निर्णय असा. धाप वाढत चालली आहे, एक बाजू मुकी आणि पोकळ वाजते आहे, आणि ऑक्सिजन किंवा रक्तदाब उतरतो आहे, तर एक्स-रे नको. सोनोग्राफी मशीन हाताशीच असेल तर प्रोब टेकवून फुफ्फुसाचा पडदा सरकतोय का ते काही सेकंदांत दिसतं. ते आणायला माणूस पाठवावा लागणार असेल तर राहू द्या. याउलट माणूस आरामात बोलतोय आणि आकडे स्थिर आहेत, तर सुई घालू नका. ज्याला काही नव्हतं त्याचं फुफ्फुस आपणच भोसकू.

सुई

मी आधी जुन्या सवयीने गळपट्टीच्या हाडाच्या मध्याखाली, दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मध्ये, १४ गेजचा कॅन्युला घातला. आपल्याकडे मिळणारा, केशरी टोपीचा, साडेचार सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा. काहीच झालं नाही. पाडेली म्हणजे छाती आणि खांदे कमावलेला माणूस. तिथल्या जाड स्नायूत सुई संपली, आतल्या जागेपर्यंत पोचलीच नाही. २०१८ पासून एटीएलएसच्या शिकवणीत प्रौढांसाठी ही जागा बदलली आहे ती याच कारणाने. आता बरगड्यांमधली चौथी किंवा पाचवी फट, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे. तिथे भिंत बहुधा पातळ असते. लहान मुलांसाठी दुसरी फट कायम आहे. सुई ८ सेंटिमीटरची मिळाली तर उत्तम. केंद्राच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये ती असावी म्हणून मागणीपत्र आजच लिहा, त्या दिवशी ती मिळणार नाही.

जागा शोधायची अशी. पुरुषाचं स्तनाग्र साधारण चौथ्या फटीच्या पातळीवर असतं. तिथून आडवी रेषा काखेकडे न्या, हात डोक्यावर घेतलेला असला तर बरगड्या मोजता येतात. स्त्रियांत स्तनावर विसंबू नका, काखेतल्या केसांच्या खालच्या कडेपासून चार बोटं खाली मोजा. स्पिरिट लावा. खालच्या बरगडीवर सुई टेकवा आणि तिच्या वरच्या कडेवरून आत सरकवा. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला शीर, धमनी आणि मज्जातंतू चिकटून जातात, त्यांना चुकवायचं असतं. सुई त्वचेला काटकोनात. वरच्या बाजूला किंवा हृदयाकडे झुकू देऊ नका. डावीकडे करत असाल तर हे दुप्पट लक्षात ठेवा.

कॅन्युलाला १० मिलिलीटरची सिरिंज लावून तिच्यात दोन-तीन मिलिलीटर सलाईन घ्या आणि ओढत ओढत आत जा. बुडबुडे आले की पोचलात. कॅन्युला मुळापर्यंत सरकवा, सुई काढा, सिरिंज काढा. फुस्स असा आवाज येतो असं सगळे सांगतात. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडखाली आणि नातेवाइकांच्या गलक्यात तो ऐकू येईलच असं नाही. कानापेक्षा नाडीवर विश्वास ठेवा.

पाडेल्याच्या पाचव्या फटीत कॅन्युला बसला तेव्हा बुडबुडे आले. एका मिनिटात रक्तदाब ११६ वर ७४ आणि नाडी १२० वर. ऑक्सिजनला मात्र ९४ वर यायला सहा-सात मिनिटं लागली. हा क्रम बरोबरच आहे. दाब उतरला की रक्ताची वाट लगेच मोकळी होते, पण फुफ्फुस अजून मिटलेलंच असतं, ते कॅन्युलाने फुगत नाही. रक्तदाब उचलला पण ऑक्सिजन लगेच आला नाही म्हणून घाबरून दुसरी बाजू टोचू नका.

आणि हवा काढल्याशिवाय बेशुद्ध करून ट्यूब घालू नका. त्या माणसाची स्वतःची श्वासाची ओढच त्याला जगवत असते. ती काढून घेऊन आपण दाबाने हवा दिली तर पुढच्या काही श्वासांतच नाडी जाते. ट्यूब आधीच असेल तर सुईपेक्षा बोट बरं. त्याच जागी दोन-तीन सेंटिमीटरचा छेद, आर्टरी फोर्सेप्सने बरगडीच्या वरून स्नायू फाकवून आत, मग बोट घालून फुफ्फुस बोटाला लागतंय याची खात्री. स्वतः श्वास घेणाऱ्यात असं उघडं भोक सोडू नका, तो त्यातूनच हवा ओढेल.

वाटेत

आमच्याकडे छातीची नळी घालायचा सेट नव्हता. १०८ मध्ये मी सोबत बसलो. कोलवाळचा पूल ओलांडला तेव्हा नाडी परत १३२, श्वास ३६, आणि तो पुन्हा उठून बसायला धडपडू लागला. कॅन्युला जागेवर होता, पण मऊ प्लास्टिकची ती नळी बरगड्यांच्या मध्ये चिमटली होती. गुठळी बसूनही ती अशीच बंद होते. कॅन्युला जागेवर दिसतो म्हणजे तो चालू आहे असं नव्हे. मी त्याच्या शेजारी एका बोटावर दुसरा घातला. पहिला काढला नाही. काढून पुन्हा जागा शोधण्यात वेळ जातो.

गाडीत दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास आणि ऑक्सिजन कागदावर लिहा. आकडा एकटा काही बोलत नाही, रांग बोलते. मी हे लिहीत होतो म्हणूनच कळलं.

छातीला बाहेरून भोक पडलं असेल, म्हणजे सुरा किंवा गज लागला असेल, तर घरच्यांनी ते टेप लावून हवाबंद करू नये. आतलं फुफ्फुस फाटलेलं असेल तर आपण झडप पुरी करतो. जखम उघडी ठेवा, रक्त वाहत असेल तर कापडाने दाबा, पण ते कापड भिजून चिकटून हवा अडवत नाही ना ते पाहत राहा. रुतलेली वस्तू ओढू नका. माणसाला बसायचं असेल तर बसू द्या आणि १०८ लावा.

सुलटी मानस

म्हापशाला जिल्हा रुग्णालयात त्याला पाचव्या फटीतून नळी घातली आणि ती बाटलीला जोडली. बाटलीत पाणी, काचेच्या नळीचं टोक पाण्याखाली दोन सेंटिमीटर. छातीतली हवा दोन सेंटिमीटरचा अडथळा ढकलून बुडबुड्यांनी बाहेर पडते. श्वास घेताना पाणी नळीत वर चढतं, पण हवा मागे जाऊ शकत नाही. ही मानस बरोबर दिशेने बसवलेली.

बाटली नेहमी छातीच्या खाली. ती उचलून खाटेवर ठेवली तर पाणी छातीत जाईल. दोन सेंटिमीटरच्या जागी दहा सेंटिमीटर पाणी भरलं तर हवेला बाहेर पडायला तितकाच दाब लागेल, आणि तो दाब म्हणजे आपला सातचा आकडा. रुग्ण हलवताना नळीला क्लॅम्प लावायची खोड बऱ्याच वॉर्डांत आहे. बुडबुडे येत असलेल्या नळीला क्लॅम्प लावणं म्हणजे उलटी मानस परत बसवणं. बाटली खाली धरून तशीच न्या.

बाटलीकडे बघताना दोन गोष्टी पाहायच्या. बुडबुडे येतात का, आणि पाण्याची पातळी श्वासाबरोबर वरखाली होते का. बुडबुडे म्हणजे फुफ्फुसाची फट अजून उघडी. बुडबुडे नाहीत पण पातळी हलते, तर फट मिटली. दोन्ही बंद, तर एक तर फुफ्फुस पूर्ण फुगलं आहे किंवा नळी तुंबली आहे. ते बाटली सांगत नाही. खाटेवरचा माणूस सांगतो: धापा टाकतोय तर नळी तुंबली.

पाडेल्याचे बुडबुडे चौथ्या दिवशी थांबले. एक दिवस पातळी फक्त डुलत राहिली. मग फिल्मवर फुफ्फुस कडेपर्यंत आलेलं दिसलं आणि सहाव्या दिवशी नळी काढली. काढताना त्याला पूर्ण श्वास सोडून रोखून धरायला सांगितलं आणि टाका त्याच क्षणी आवळला, म्हणजे त्या भोकातून हवा आत ओढली जाऊ नये.

मी भेटायला गेलो तेव्हा भाऊ गणपतीच्या आधी माडावर चढता येईल का विचारत होता. बरगड्या जुळायला सहा आठवडे लागतात आणि त्याआधी पुन्हा एक फिल्म बघायची, असं सांगितलं. पाडेली खाटेवर बसून पेज पीत होता. म्हणाला, "ह्या वर्षी नारळ कोण दुसराच पाडील."